अर्धा दिवस कुठून कापायचा

आमच्या घरात मोठ्या काकूचा शब्द चालतो. दूध किती घ्यायचं, पाहुण्यांना कुठे झोपवायचं, माझे केस कधी कापायचे, सगळं तीच ठरवते. आई तिची धाकटी जाऊ, त्यामुळे आई फक्त मान हलवते. पण सकाळी आठच्या ठोक्याला दोघी रुग्णालयाच्या धुलाई विभागात पाय ठेवतात आणि चित्र पार उलटं होतं. तिथे आई सुपरवायझर आहे आणि काकू चादरींच्या इस्त्रीच्या यंत्रावर. घरी आईला "अगं धाकटे" म्हणणारी काकू तिथे "हो मॅडम, आणते मॅडम" म्हणते, तेही न हसता. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला जो ठसका लागला तो पाणी पिऊनही थांबेना.

ही गोष्ट काकूच्या अर्ध्या दिवसाच्या रजेची.

काकूने घर घेतलं होतं. दोन खोल्या, तिसरा मजला, गॅलरीत एक माणूस आडवा झोपू शकेल एवढी जागा. आम्ही सात जण दोन खोल्यांत राहतो, आणि दादा, म्हणजे काकूचा मुलगा, बारावीचा अभ्यास जिन्यात बसून करतो, तेव्हा कधी ना कधी हे होणारच होतं. बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्क कमी लागतं, म्हणून काका म्हणाले, तुझ्या एकटीच्याच नावावर घेऊ. काकूने आयुष्यात पहिल्यांदा काकांचं म्हणणं एका फटक्यात मान्य केलं.

दस्त तयार होता, शुल्क भरलेलं होतं. नोंदणी कार्यालयातली वेळ मिळाली गुरुवारची, दुपारी सव्वाबाराची. खरेदी करणारी काकू, तेव्हा फोटो तिचा, अंगठा तिचा. तिच्याऐवजी काका जाऊन चालणार नव्हतं. आणि घर विकणाऱ्या आजी शनिवारी विमानाने लेकीकडे निघणार होत्या, वर्षभरासाठी. त्यापुढची मोकळी वेळ होती मंगळवारची. म्हणजे गुरुवार हुकला की घर वर्षभर लटकलं. आजींनी लेकीकडे गेल्यावर विचार बदलला, तर मग बसा हात चोळत.

"अर्ज लिही," काकूने मला फर्मावलं. घरात अर्ज मी लिहिते. माझं अक्षर चांगलं आहे आणि मला कुणाची भीती वाटत नाही, असं काकूचं मत.

"अगं पण आई ही काय इथे उभी आहे. तिला सांगून टाक ना."

आई दोन हातांच्या अंतरावर, कुकरकडे तोंड करून उभी होती. तिने मान वळवली नाही.

"घरी मागितली तर ती सवलत झाली," काकू म्हणाली. "मला रजा हवी आहे. लिही, माननीय सुपरवायझर यांस."

मी लिहिलं. पहिल्या कागदावर मी 'आनंदाची बातमी अशी की' अशी सुरुवात केली, तो फाडला गेला. दुसऱ्यात 'आपल्या कृपेने' आलं, तोही फाडला. "कृपा कसली? अकरा वर्षं काम करतेय." तिसरा कोरडा ठणठणीत झाला आणि काकूला तोच आवडला. कारण: मालमत्तेच्या दस्ताची नोंदणी. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि आईने गॅस असा काही बंद केला की बटण हातात येतं की काय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर मी थेट धुलाई विभागात गेले. माझी बस तिथूनच सुटते, त्यामुळे मला कुणी हटकत नाही. आत गरम साबणाचा वास आणि यंत्रांची घरघर. काकू आणि तिची जोडीदारीण यंत्रातून निघालेली चादर दोन टोकांना धरून घडी घालत होत्या. झटका, जवळ येणं, टोकाला टोक, पुन्हा झटका. नाचच तो, फक्त दोघींना घाम आलेला.

डबा खायच्या सुट्टीत काकू आईच्या टेबलापुढे उभी राहिली. आईने अर्ज वाचला. एवढासा अर्ज, पण आई तो वाचतच राहिली.

"अर्धा दिवस म्हणजे कुठला अर्धा, ताई?"

"गुरुवारचा, मॅडम."

"तसं नाही. पहिला अर्धा आठ ते साडेबारा. दुसरा एक ते पाच. तुमची वेळ सव्वाबाराची. पहिला अर्धा घेतलात तर एकला यंत्रावर हजर पाहिजे. दुसरा घेतलात तर साडेबाराच्या आधी निघता येणार नाही. मी देऊ कुठला?"

"मधला द्या."

"मधला नसतो."

"मग पूर्ण दिवस द्या."

"गुरुवारी पूर्ण दिवस कुणालाच नाही. शुक्रवारच्या ऑपरेशनांच्या कपड्यांचे संच गुरुवारी अडीचला गाडीवर चढतात. हे तुम्हीच नव्या पोरींना शिकवता."

काकूने अर्ज उचलला, चार घड्या घातल्या आणि "बरं मॅडम" म्हणून डबा उघडला. जोडीदारीण माझ्या कानात पुटपुटली, "तुझी आई अशी नाही गं. मागच्या महिन्यात मला माझ्या नणंदेच्या डोहाळेजेवणाला सोडलंन."

घरी रात्रीची जेवणं तोंडं शिवल्यासारखी झाली. काका ताटाकडे बघून म्हणाले, "मीठ बरोबर आहे हं."

मला राहवेना. आई गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती, तिथे जाऊन मी सरळ विचारलं, "तुला काकूने जायला नकोय का?"

"नियम आहे तो."

"नियमाचं नाही विचारत."

आईने माझा गणवेश दोरीवरून ओढला आणि खांद्यावर टाकला. "सतरा वर्षं झाली मला या घरात. एवढ्या दिवसांत सकाळचा पहिला चहा मी कधी केलेला नाही. उठते तेव्हा तो तयार असतो. तू झालीस तेव्हा मला तुला धरताही येत नव्हतं. रात्र रात्र तुझ्या काकूने धरलं." तिने चिमटा डब्यात टाकला. "आणि आता वेगळं राहायला जातेय, ते अर्ज लिहून कळवते मला. माननीय सुपरवायझर."

"ते मी लिहिलं."

"अक्षरावरूनच कळलं."

"आई, ती तुला सांगायला घाबरत असेल."

"ती? घाबरते?" आई हसली. मग चिमट्यांचा डबा हातात घेऊन बराच वेळ कठड्याशी उभी राहिली. मी आणखी काही बोलले नाही. हे मला फार जड गेलं.

बुधवारी दुपारी मी धुलाई विभागात पोहोचले तर आई टेबलावर नव्हती. ती तिच्या वरच्या साहेबांच्या खोलीत होती. आई साहेबांकडे स्वतःहून कधी जात नाही. पंखा बंद पडला होता तेव्हाही तिने कागदावर लिहून शिपायाच्या हाती पाठवलं होतं. बाहेर आली तेव्हा कान लाल झालेले. सरळ यंत्रापाशी गेली आणि काकूपुढे एक कागद धरला.

"पहिला अर्धा रजा. एक ते अडीच बदली कामगार. अडीचला तुम्ही यंत्रावर पाहिजे, कारण गाडीवर सही मला करायची असते. साहेबांची मंजुरी आहे."

काकूने कागद लांब धरून वाचला. "बदली कामगार कोण, ते नाव नाही लागत नीट."

"मी आहे."

"तुम्ही यंत्रावर उभ्या राहणार?" जोडीदारीण म्हणाली. "मॅडम, बोटं सांभाळा हं."

"मी पाच वर्षं उभी होते याच यंत्रावर. तू शाळेत होतीस तेव्हा."

काकूने कागद ब्लाउजमध्ये खोचला आणि पुढची चादर ओढली.

गुरुवारी मी शाळेला दांडी मारली. याची परवानगी काकूने दिली, घरात तीच देते. नोंदणी कार्यालयात आम्ही पावणेबाराला पोहोचलो. मी, काकू, काका आणि दुसरे साक्षीदार म्हणून काकांचे रिक्षावाले मित्र. मला साक्षीदार व्हायचं होतं, पण मी पंधरा वर्षांची, म्हणून माझ्याकडे फायली धरायचं काम. विकणाऱ्या आजी आधीच येऊन बसल्या होत्या, मांडीवर पर्स आणि पर्समध्ये विमानाचं तिकीट. ते त्यांनी आम्हाला दोनदा दाखवलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी कारकुनाने ओळखपत्रं आणि पानं तपासली. सव्वाबाराला बोलावलं नाही. साडेबारालाही नाही. एकला कळलं की सर्व्हर बंद पडलाय. अख्ख्या खोलीने एकदम सुस्कारा सोडला. एक वकील उभ्या उभ्या घोरायला लागले.

पावणेदोन. काकू सारखी घड्याळ बघत होती. दोनला ती उठली.

"कुठे?" काका म्हणाले.

"कामावर. अडीचचा शब्द दिलाय मी."

"अगं, घर..."

"घर मंगळवारी. तिची गाडी अडली तर साहेब तिलाच बोलतील. एकदाच तर गेली त्यांच्या दारात, माझ्यासाठी."

"मंगळवारी मी नाही," आजी म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा तिकीट काढलं.

काकूने चपला घातल्यासुद्धा. मी धावत बाहेर जाऊन आईला फोन लावला. मागे यंत्र घरघरत होतं. मी एका दमात सगळं सांगितलं.

"सही केल्याशिवाय ती इथे आली ना," आई म्हणाली, "तर मी तिला दारातून आत घेणार नाही. सांग तिला."

"आणि गाडी?"

"गाडीवर सही करायला दोन मिनिटं लागतात. यंत्र तेवढा वेळ थांबेल. अडीचनंतरचं तिचं बघते मी, तिचा अर्धा दिवस कापते. फोन दे तिला."

तोवर दारात आलेल्या काकूने फोन कानाला लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. काकू फक्त "हो," म्हणाली, मग "बरं," मग "अगं, पण," आणि शेवटी, "रडतेस कशाला वेडे, यंत्राकडे लक्ष दे." फोन मला देऊन ती आत गेली आणि चपला काढून बाकावर बसली.

सर्व्हर अडीचला सुरू झाला. अधिकाऱ्यांनी आधी आजींना, मग काकूला विचारलं, "ही सही तुमचीच? दस्त वाचलाय?"

"पुतणीने वाचून दाखवलाय. दोनदा," काकू म्हणाली.

सगळ्यांचे फोटो निघाले, सगळ्यांचे अंगठे लागले, साक्षीदारांचेही. फोटोत काकू अशी दिसत होती की कुणीतरी तिला मीठ कमी पडल्याचं सांगितलंय. पानं स्कॅन होऊन दस्त हातात पडला तेव्हा सव्वातीन झाले होते. काकांनी पेढे आणूया म्हटलं. काकू म्हणाली, आधी रिक्षा.

धुलाई विभागात गाडी केव्हाच निघून गेली होती. आई यंत्रावर उभी, केस कपाळाला चिकटलेले, उजव्या अंगठ्याला पट्टी. बाजूला तिने घातलेल्या घड्यांची चळत, एकीचं टोक दुसरीला जुळत नव्हतं.

काकूने दस्त पुढे केला. आईने हात पुसले, पहिलं पान बघितलं, फोटो बघितला.

"हसायचं तरी होतं."

"अडीच वाजून गेलेले. कशी हसणार?"

"तुमचा दुसरा अर्धाही कापलाय मी. हजेरीत लिहिलंय."

"लिही."

"मग घरी जा आता, ताई. तुमचा आजचा दिवस संपला."

काकूने दस्त माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि आईच्या चळतीतली पहिली चादर झटकून उलगडली.

"घरी जाऊन काय करू?" ती म्हणाली. "तू इथे आहेस. धर ते टोक."