तिसरी ओळ

तळ्यातली मासोळी जाळ्यात नुसती हिसका देते, तेवढ्यावर इस्तारी तिची जात सांगतो.

गोंडपिपरीच्या नेट कॅफेतली पाटी : जाताना आपल्या फायली पुसून जाव्यात.

पडद्यावर इंग्रजी शब्द चार, एकाखाली एक. पहिला पुसलेलं परत आणतो. तिसरा कायमचा पुसतो.

चंद्रपूरच्या कॉलेजातला बाबू म्हणतो, पाच वाजले की खिडकी बंद.

साडेतीनला इस्तारी कॅफेपुढं सायकलवरून उतरला. वाटभर तो दोनच शब्द घोकत आला होता : रिसायकल बिन. लेकीनं, रोशनीनं, चंद्रपूरहून फोनवर पाठ करून घेतले होते. सोमवारी डी.एड.च्या यादीत तिचं नाव याच कॅफेतल्या पडद्यावर दिसलं होतं. प्रिंटरची शाई संपलेली, म्हणून तिनं पडद्याचाच फोटो घेऊन कॉम्प्युटरात ठेवला. उठताना मात्र पाटी वाचून बाकीच्या फायलींबरोबर तोही पुसून टाकला. आज, बुधवारी, कॉलेजात लागलेल्या यादीत नाव नाही. बाबू म्हणाला, होतं तर दाखवा, फॅक्स चालेल.

"भूपेशभाऊ, पोरीचा फोटू रिसायकल बिनमंधी असन म्हन्ते."

"अरे वा! इस्तारीभाऊ इंग्रजी बोलून राह्यले!" कॅफेवाला भूपेश मोठ्यानं म्हणाला. खुर्च्यांवरची माणसं हसली. इस्तारीही हसला. काम होतं.

भूपेशनं पडद्यावरची कचऱ्याची टोपली उघडली. "हे घ्या. अजून हाय तुमची रोशनी."

इस्तारीनं हात जोडले.

"पाया काऊन पडता? बसा. पोरीचं काम बापानं करावं. हात पुसा पयले, माऊसले मासोळीचा वास लागन."

इस्तारीनं धोतराला दोनदा हात पुसले. भूपेशनं उजवं बटण दाबून दिलं. चार ओळी उघडल्या.

"तिसरी. वरून मोजा."

इस्तारीनं बोट काचेला न लावता मोजलं. एक, दोन, तीन. दाबलं. मधोमध एक चौकोन आला.

"हे का विचारते?"

"नक्की का, म्हन्ते. डावीकडचं दाबा. दाबा नं, भेता काऊन?"

त्यानं दाबलं. टोपलीतून फोटोची ओळ गेली.

"आता कुठी गेला फोटू?"

भूपेशनं कपाळाला हात लावला. "का केलं भाऊ हे? सगळ्यांनी पाह्यलं नं? म्या हातबी नाई लावला."

"तुमीच तं तिसरी म्हनलं."

"पयली म्हनलो म्या. कानबी गेले का तुमचे?"

माणसं पुन्हा हसली. इस्तारी आपल्या बोटाकडं बघत राहिला. या बोटानं कधी जाळं फाटलं नव्हतं.

बाहेर एसटीडीवर रोशनीचा फोन लागला. "बाबा, भेटला का?"

"भेटला होता," तो म्हणाला. "म्या पुसला."

सोमवारच्या यादीत रोशनीचं नाव शेवटचं होतं आणि प्रतीक्षा यादीत पहिलं होतं डिंपलचं, भूपेशच्या सख्ख्या भाचीचं.