चीज पफचा पंचनामा

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी एकतिसावं चित्र परत आलं. सोबत पफ बनवणाऱ्या कंपनीच्या साहेबांचा एका ओळीचा शेरा होता : ‘पफ पेटलाय की काय?’

पफ पेटलेला नव्हता, पण दिसत तसाच होता. गोठवलेले चीज पफ, एका खोक्यात सहा, ओव्हनमध्ये बारा मिनिटं, अशा मालाची ती जाहिरात. चित्र यंत्र काढणार होतं आणि काय काढायचं ते त्याला शब्दांत सांगायला जाहिरात संस्थेनं एक वर्णनकार नेमली होती. तिनं इमानदारीत ‘गरमागरम वाफाळता पफ’ असं लिहिलं होतं. यंत्रानं गिरणीच्या धुराड्याला शोभेल एवढा धूर काढून दिला होता.

साहेबांनी पाच वाजेपर्यंतची मुदत दिली होती. तोवर एक तरी चित्र खरं वाटलं नाही, तर काम बाहेरच्या फोटो स्टुडिओला जाणार होतं. वर्णनकाराची जागा सहा महिन्यांच्या चाचणीवर होती. काम गेलं की जागाही जाणार, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती.

“थेंबांचं बघ आधी,” चित्रविभागाचा प्रमुख म्हणाला. तो प्रत्येक चित्र नाकाला लागेल इतकं मोठं करून बघायचा, म्हणून सगळे त्याला भिंग म्हणत. “शेजारचा सरबताचा ग्लास गार, म्हणून थेंब ग्लासवर हवेत. तुझ्या पफलाच घाम फुटलाय.”

“‘पफवर थेंब नकोत’ असं लिहिलं होतं मी.”

“मग?”

“दुप्पट आले.”

“नको म्हटलं की हटकून करणार. आमच्या धाकट्यासारखंच आहे हे यंत्र.” भिंगानं चित्र आणखी मोठं केलं. “आणि हे चुऱ्याचे कण? ताटलीभोवती गोल रांगेत उभे आहेत. कवायतीला आणलेत का?”

ती हसली. हसू आलं म्हणून नाही, रडू येईल म्हणून. बाराच्या सुमारास बत्तीस, तेहतीस आणि चौतीस ही चित्रंही बाद झाली. चौतिसाव्यात पफ इतका चकचकीत होता की भिंगानं त्यात भांग पाडून दाखवला.

सव्वाबाराला सासऱ्यांचा फोन आला.

“अगं, माझा चष्मा कुठे ठेवलाय?”

“कपाळावर बघा, बाबा.”

“आहे खरा. तुझा आवाज का उतरलाय?”

तिनं सांगितलं. सासऱ्यांनी तीस वर्षं विमा कंपनीसाठी अपघातांचे पंचनामे केले होते. पफाची हकिगत त्यांनी ट्रक उलटल्याच्या गांभीर्यानं ऐकून घेतली.

“तोडला कुणी?”

“काय?”

“पफ. अख्ख्या पफातून वाफ कशी येईल? कुणीतरी तोडला असणार. कुठल्या हातानं, कुठल्या बाजूला ओढला, तोडून किती वेळ झाला?”

“तसं काही ठरवलंच नाहीये.”

“म्हणजे तू जागेवर गेलीच नाहीस. फुटलेली काच कुठे पडली यावरून गाडी कुठून आली ते कळतं बाई. तुझे कण गोल पडलेत, म्हणजे मधे कुणी बॉम्ब ठेवला होता का? मी तीस वर्षांत ‘भीषण अपघात’ हे दोन शब्द एकदाही लिहिले नाहीत. काय झालं, कुठे झालं, एवढंच लिहायचं. भीषण आहे की नाही ते वाचणारा ठरवतो.”

तिनं फोन ठेवला आणि नमुन्याचं खोकं घेऊन थेट कँटीनचा ओव्हन गाठला.

पुढचे दोन तास त्या मजल्यावर फारसं काम झालं नाही. पहिला पफ बाहेर निघाला आणि ती वहीत तारीख घालत होती तेवढ्यात भिंगानं तो खाल्ला.

“पुरावा खाल्लात तुम्ही,” ती म्हणाली.

“गरम होता. तेवढं लिहून घे.”

दुसऱ्याची वाफ दिसलीच नाही, कारण मागे पांढरी भिंत होती. तिसऱ्याच्या मागे, बघायला आलेल्या हिशेबनीस बाईंची काळी फाइल उभी केली, तिच्या आडून भिंगानं मोबाइलचा उजेड वाफेवर मागून पाडला, आणि वाफ एकदम दिसू लागली. जमलेल्या सातआठ जणांनी बाळाचं पहिलं पाऊल बघावं तसा हुंकार दिला. चौथा तोडताना हिशेबनीस बाईंना शिंक आली आणि सगळा पंचनामा जमिनीवर गेला. हसून हसून भिंगाला ओट्याचा आधार घ्यावा लागला. पाचवा तिनं स्वतः तोडला आणि एका हातानं लिहीत सुटली. वाफ सोनेरी पापुद्र्यातून येत नव्हती, फक्त तुटलेल्या कडेतून येत होती. दोन बारीक धागे, एक सरळ, एक कलता. वीतभर वर जाऊन विरले. पाऊण मिनिटात सगळं संपलं.

“कण?” भिंग गुडघ्यावर बसून ताटलीच्या पातळीला डोळा लावून विचारत होता.

“मोठे पापुद्रे तुटीच्या बरोबर खाली. बारीक चुरा उजवीकडे, कारण तुकडा उजवीकडे ओढला. डावीकडे जवळजवळ काही नाही. एक पापुद्रा चीजला चिकटून लोंबतोय.”

“ग्लास?”

फ्रिजमधून काढून पाच मिनिटं झालेला ग्लास हिशेबनीस बाईंनी साक्षीदार म्हणून तपासला. सरबताच्या पातळीच्या वर काच जवळजवळ कोरडी. खाली आधी धुकं, मग लहानमोठे थेंब, कुठलेही दोन सारखे नाहीत. एक जड होऊन ओघळला होता, आणि त्याच्या वाटेवर काच स्वच्छ झाली होती.

साडेतीनला तिनं जुनं वर्णन पुसलं. ‘गरमागरम’ गेलं, ‘खुसखुशीत’ गेलं, ‘तोंडाला पाणी सुटेल असा’ गेलं. पफाची वाक्यं वेगळी आणि ग्लासाची वेगळी लिहिली. थेंब कुठे नकोत हे सांगायचं सोडून पफाचा पापुद्रा कोरडा आहे असं लिहिलं, आणि चीज खोक्यातल्या पफात होतं तेवढंच ठेवलं. पहिल्या चार चित्रांत यंत्रानं सहा बोटांचा हात आणला. मग तिनं हातच काढून टाकला, नुसतं ‘तीस सेकंदांपूर्वी तोडून ठेवलेला’ राहू दिलं. पाचव्या वेळी हवं तसं चित्र आलं.

भिंगानं ते मोठं केलं. आणखी मोठं केलं.

“दोष सापडत नाहीये,” शेवटी तो म्हणाला. “मला बरं वाटत नाहीये.”

चार वाजून पंचवीस मिनिटांनी चित्र साहेबांकडे गेलं. पाच वाजून दोन मिनिटांनी फोन आला. भिंगानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा मधल्या टेबलावर ठेवला.

“कण चांगले आहेत,” साहेब म्हणाले. “ग्लास तर उचलावासा वाटतो. पण वाफ फार कमी वाटते हो. बिचकत आल्यासारखी.”

भिंगानं तिला नजरेनं खुणावलं : हो म्हण, वाढवू म्हण. वाढवणं सोपं होतं, एका शब्दाचं काम. तिला एकतिसावं चित्र आठवलं.

“तुमच्या पफाला एवढीच येते, साहेब,” ती म्हणाली. “आज पाच भाजून पाहिले.”

हिशेबनीस बाईंनी डोळे मिटून घेतले.

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. “आमच्या पफाला?”

“हो. पाऊण मिनिट, वीतभर. मागे काहीतरी काळं धरून बघा.”

“थांबा जरा,” साहेब म्हणाले. मग तोंड फोनपासून वळवून कुणाला तरी : “खालून एक खोकं मागव. आणि ओव्हन लाव.”

फोन त्यांनी ठेवला नाही, आणि स्टुडिओचं नावही काढलं नाही. पाच वाजून सतरा मिनिटांनीही तो चालूच होता, आणि पलीकडचा पफ अजून ओव्हनमध्ये होता.