नानांचं कोरं तिकीट

इटलीत मुलाकडे आलेल्या प्रेमराजनानांना घेऊन सून डिंपल पॅसेंजरने शेजारचं गाव दाखवायला निघाली. तिचा पास मोबाइलमध्ये होता, नानांचं तेवढं कागदी तिकीट. फलाटावर नातवाच्या बाबागाडीची घडी घालता घालता ती म्हणाली, "नाना, तिकीट त्या मशीनमध्ये सरकवा, तारीख-वेळ उमटली की काढा. नाहीतर दंड होतो."

नानांना रागच आला. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते ते. एरंडोल-पारोळा गाडीत किती तिकिटांना पंच मारला, गणती नाही. प्रवाशानेच आपलं तिकीट पंच करायचं, तर कंडक्टर काय माशा मारायला ठेवलाय? त्यांनी तिकीट तसंच खिशात घातलं.

"झालं ना?" चढताना डिंपलने विचारलं.

"हो हो, झालं."

दोन स्टेशनांनंतर तपासनीस आला. तिकीट उलटसुलट करून त्याने मान हलवली. कोरं तिकीट उद्याही चालवता येतं, म्हणून दंड. हे नानांना कुणी सांगायची गरज नव्हती. 'तिकीट काढायला विसरलो' म्हणणाऱ्यांना त्यांनी एसटीत भर गाडीत झापलं होतं. हा मात्र आवाज न चढवता दंडाची पावती करत होता. डिंपल त्याला इटालियनमध्ये काकुळतीने काहीतरी सांगत होती. शेवटी तिने दंड भरला.

"काय म्हणालीस त्याला?"

"म्हटलं, नाना खोटं बोलायचे नाहीत, मशीनच बंद असणार. ऐकेना, तेव्हा म्हटलं, खेड्यातले आहेत, तिकिटातलं त्यांना काही कळत नाही."

नाना खिडकीकडे वळले. "बरोबर सांगितलंस, पोरी. पण फक्त दुसरं."