फ्लेक्सवरचा फोटो

खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातली शिफ्ट करून अनुपम क्लासला उशिरा पोचला, तेव्हा देवपुजारी सरांनी भरवर्गात त्याच्या कानाखाली वाजवून त्याला हाकललं होतं. मग त्याने बसमध्ये मोबाइलवर ऑनलाइन लेक्चर्स बघून राज्यसेवेची परीक्षा काढली. आज क्लासच्या फ्लेक्सवर त्याचाच फोटो झळकत होता, 'आमचा विद्यार्थी' म्हणून! का, तर त्याने इथे एकदा फुकटचा मॉक इंटरव्ह्यू दिला होता.

अनुपमने फ्लेक्स टराटरा फाडला, बांबू उपसला आणि बाहेर आलेल्या सरांच्या तोंडावर हाणला. दात रस्त्यावर पडला.

"काहून लावला माझा फोटो?"

रक्त थुंकत सर हसले. "नियुक्तीआधी पोलीस व्हेरिफिकेशन असते, बेटा. चलो, ठाण्यात जाऊ."