शेवटचे दोन आकडे

कॉलेजच्या हेल्पडेस्कवर बसणाऱ्या काकांना सगळी पोरं 'ओटीपीकाका' म्हणायची. खिडकीशी कुणीही काहीही रडगाणं घेऊन येवो, यांचं एकच ठरलेलं उत्तर, "ओटीपी येईल, थांब जरा." बोलायचे मात्र असे, की जणू सगळं पोर्टल यांनीच जन्माला घातलंय!

गेल्या महिन्यात कॉम्प्युटर लॅबमधली सगळी मशीनं फॉरमॅट केली आणि त्यात सेव्ह केलेले पासवर्ड उडाले. मग काय, खिडकीवर ही झुंबड. त्यातच शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली. तीन वर्षं ती लॅबच्या त्याच कोपऱ्यातल्या मशीनवरून लॉगिन करत आलेली, पासवर्ड आठवायची वेळच कधी आली नव्हती. कॉलेजच्या मेलला आणि पोर्टलला पासवर्ड एकच, त्यामुळे दोन्ही दारं एकदमच बंद झाली.

"काका, 'पासवर्ड विसरलात' वर क्लिक केलं. ओटीपी येतच नाही."

"नेटवर्क असेल. उद्या बघ."

ती दुसऱ्या दिवशी आली, चौथ्या दिवशीही आली. चौथ्या दिवशी भीतभीतच म्हणाली, "काका, स्क्रीनवर नंबराचे शेवटचे दोन आकडे दिसतात ना, ते माझे वाटत नाहीत."

"अगं, ते असंच दाखवतं," काका मान वर न करता म्हणाले. मागे पंधरावीस जण ताटकळत होते. तिची नोंद उघडून बघायला फार तर एक मिनिट लागलं असतं.

सोमवारी परीक्षेची हॉल तिकिटं निघाली आणि हिचं निघालंच नाही. परीक्षा विभागाच्या मॅडमनी यादी बघून सांगितलं, "फॉर्मवरचा तुझा फोटो अस्पष्ट होता. शुक्रवारपर्यंत नवा अपलोड कर, नाहीतर फॉर्म रद्द, असा मेल गेलाय तुला. पोर्टलवरही सूचना होती." सूचना एकट्या तिलाच होती, त्यामुळे मैत्रिणींनाही पत्ता नाही. एका फोटोपायी वर्ष जाणार आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ठरलेली नोकरीही!

ती खिडकीशी आली तेव्हा डोळे सुजलेले होते. "माझंच चुकलं काका. पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवायला हवा होता."

ते 'माझंच चुकलं' ऐकून काकांनी पहिल्यांदाच मान वर केली. आता तरी बघूया म्हणून त्यांनी तिची नोंद उघडली. मोबाइल नंबराच्या रकान्यात हेल्पडेस्कच्याच जुन्या फोनचा नंबर होता. ते सिम बंद होऊन सहा महिने लोटले होते.

आणि मग सगळं आठवलं. प्रवेशाच्या दिवशी रांग दारापर्यंत गेलेली. ज्यांच्याकडे स्वतःचा नंबर नव्हता, त्यांचा फॉर्म नंबराशिवाय पुढेच सरकेना. तेव्हा काकांनी 'नंतर बदलू' म्हणत बिनदिक्कत हेल्पडेस्कचा नंबर टाकून दिला होता. ते 'नंतर' काही उगवलं नाही. मेल्या, नुसती मान वर केली असतीस तरी पुरलं असतं! स्वतःलाच त्यांनी मनात शिव्या घातल्या. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं, मुलगी स्वतःच चूक कबूल करून मोकळी झाली होती. एक क्षण तो विचारही त्यांना शिवून गेला, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

परीक्षा विभागात जाऊन त्यांनी सरळ सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. "लेखी द्याल? कार्यालयाची चूक असेल तर प्राचार्यांच्या सहीने फॉर्म उघडता येतो. पण तुमच्या सेवापुस्तकात नोंद होईल."

"होऊ दे."

"असे आणखी किती आहेत?"

काकांनी तो नंबर सिस्टिममध्ये शोधला. एकतीस. त्या एकतिसांत आणखी कुणाला कसल्या सूचना मिळाल्या नसतील, देव जाणे. त्या सगळ्यांना शोधून काढायचं काम मॅडमनी त्यांच्याच गळ्यात मारलं, आणि ते रास्तच होतं.

दुपारी प्राचार्यांची सही झाली, नवा पासवर्ड मिळाला, फोटो चढला. संध्याकाळी हॉल तिकीट हातात आलं, तेव्हा मुलगी म्हणाली, "थँक्यू काका, तुमच्यामुळे झालं."

काकांना राहवेना. त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं, अगदी मान वर केली नव्हती तेसुद्धा.

ती ऐकत राहिली. रागावली नाही, रडली नाही. मग हळूच म्हणाली, "मी पप्पांना सांगितलं होतं, चूक माझी आहे. दुपारपासून ते बोलत नाहीयेत माझ्याशी. हॉल तिकीट मिळालं म्हटलं, तर नुसतं 'हं' म्हणाले. तुम्ही सांगाल त्यांना?"

तिनं फोन लावून खिडकीतून आत दिला. काकांनी तो कानाला लावला.

"तुमच्या मुलीचं काही चुकलं नाही हो," ते म्हणाले. "ती सांगत होती मला. मी ऐकलं नाही."

"तिला द्या फोन," पलीकडून आवाज आला. काकांनी फोन खिडकीतून तिच्या हातात दिला.