पाच तारखेचा हप्ता

नीलम्माला पैशाची ददात नव्हती, माणसांची होती. लातूरच्या आडत्याची ती विधवा. मुलगा पुण्यात, आणि त्याचं ‘येतो, येतो’ म्हणजे उदगीर जिल्हा होणार, होणार असं वर्षानुवर्षं म्हणतात त्यातलं. म्हणून त्या दुष्काळी जानेवारीत भाचा रेवणसिद्ध रेणापूरहून एक लाख वीस हजार मागायला आला, तेव्हा ती मनातून हरखलीच. त्याला ट्रॅक्टरमागं जोडायला पाण्याचा जुना टँकर घ्यायचा होता.

“बिनव्याजी दे की आत्या. घरचाच हाय मी.”

“न्हाई रे बाबा. दिराला बिनव्याजी दिले, आता त्यो मला बघून रस्ता बदलतो. फुकटचा पैसा माणसाला तोंड लपवायला लावतो.”

तिच्या बँकेतल्या ठेवीची मुदत त्याच महिन्यात संपत होती. पुन्हा ठेवली तर म्हातारीचे म्हणून आठ टक्के मिळाले असते, आणि त्यातले साडेपाच महागाईच खाणार. बँक रेवणला तेरा सांगत होती. सावकार शेकडा दोन, म्हणजे वर्षाचे चोवीस.

“आठाखाली माझं नुकसान, तेरावर तुझं,” ती म्हणाली. “आठ ठेवीचे, एक जोखमीचा. नऊ दे.”

कॅलेंडरच्या पाठीवर तिनं हप्ते मांडले. दोन वर्षं, महिन्याला पाच हजार मुद्दल, आणि व्याज फक्त उरलेल्या रकमेवर. पहिल्यांदा नऊशे, मग दर महिन्याला साडेसदतीस रुपये कमी. बाजारात अख्ख्या रकमेवर शेवटपर्यंत व्याज लावतात. तसे एकवीस हजार सहाशे झाले असते. हिचे सव्वाअकरा हजार.

“बँकेतून टाकत जाऊ?”

“न्हाई. पाच तारखेला हातात आणून द्यायचे.”

तिच्या स्वार्थाची तेवढी एकच अट होती.

तो येत राहिला. उन्हाळ्यात गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तरी नीलम्मा दोन कप चहाचं पाणी पाच तारखेसाठी राखून ठेवायची. त्या तासाभरात ती महिन्याभराचं बोलून घ्यायची. मग पाऊस आला आणि भरभरून आला.

ऑक्टोबरच्या पाच तारखेला रेवण पिशवी घेऊनच आला. “टँकर विकला आत्या. हे राहिलेले ऐंशी हजार, अन् ह्या महिन्याचं व्याज सहाशे. पुढचे साडेचार हजार वाचले बघ! असा इमानी हिशोब कोण करून देतं?”

नीलम्माला राग आला. त्याचा, पावसाचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या इमानाचा. लवकर फेडायचं नाही, एवढं लिहायला कॅलेंडरवर जागा होती की! पण तसं लिहिणं तिच्या रक्तात नव्हतं.

रेवण पाया पडला, ट्रॅक्टरवर चढला. ती दारापर्यंत धावली.

“रेवण, आणखी काय घ्यायचं असलं तर सांग. पाच टक्क्यानं देते.”

तो हसला. “आठाखाली तुझं नुकसान हाय ना आत्या?”

“हाय,” ती म्हणाली. “ते मी सोसते.”

पण त्यानं ट्रॅक्टर सुरू केला होता. “यीन की कधीतरी!” तो ओरडला.

आत चुलीवर दोघांचा चहा उकळत होता.