लॉबीतल्या बाकावर कोण होतं

सोसायटीच्या ऑफिसात कपाटावर ठेवलेलं ते काळं यंत्र दिवसरात्र घुं घुं करत असे. कॅमेऱ्यांचं चित्रण त्यात पंधरा दिवस राहायचं, मग जुन्यावर नवं चढायचं. तिच्या आईला जाऊन दोन आठवडे होत आले होते, आणि सोसायटीची सेक्रेटरी म्हणून तिची स्वतःची खुर्ची त्या यंत्रापासून हातभर अंतरावर होती.

आई बाहेरून आली, लॉबीतल्या बाकावर टेकली आणि तिथेच गेली. वॉचमन तेव्हा गेटबाहेर टँकर आत घेत होता. परतल्यावर त्याने यादीतला नंबर फिरवला. गेटवरच्या यादीत प्रत्येक घराचा एकच नंबर, तोही फक्त अडीअडचणीसाठी. त्यांच्या घराचा म्हणून आईने हौसेने स्वतःचाच दिला होता. फोन वाजला तो तिच्या मांडीवरच्या पर्समध्ये. मग तो बिचारा जिने चढत धावला. लेक वर कपडे वाळत घालत होती.

"ताई, तूच सेक्रेटरी ना? मग बघ की," भाऊ दूरदेशाहून फोनवर म्हणाला. "एकटीच होती का ती, एवढं तर कळू दे."

"तसं बघता येत नाही रे."

"कोणी ठरवलं?"

"मीच."

आधीचे अध्यक्ष चहा पिता पिता स्क्रीन लावून बसायचे. कोणाची मुलगी किती वाजता आली, कोणी सोडलं, याच्या गप्पा रंगायच्या. त्यापायी एक घर सोसायटी सोडून गेलं. तेव्हा तिनेच सभेत भांडून नियम करून घेतला. कारण लेखी हवं. कमिटीतल्या दोघांनी मिळून बघायचं. ज्याचा अर्ज, त्याने त्या वेळी खोलीत थांबायचं नाही. विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं, आणि चित्रणात दिसणाऱ्या दुसऱ्या माणसाचं नाव त्याला विचारल्याशिवाय सांगायचं नाही. नक्कल फक्त पोलिसांना.

तिने अर्ज लिहिला. आवारात मृत्यू, म्हणून कारण नियमात बसत होतं. प्रश्न एकच: आईजवळ कोणी होतं का?

खजिनदार काका आणि वरच्या मजल्यावरची डेंटिस्ट, दोघंही कमिटीतले, आत गेले. दाराशी काका थबकले. "अगं, ये आत. मी भिंतीकडे तोंड करून बसतो. कोण फाशी देणार आहे आपल्याला?"

"काका, नको. उद्या दुसऱ्या कोणाला नाही म्हणायला मला तोंड राहणार नाही."

"बरं बाई. तुझ्या आईसारखीच हट्टी."

ती जिन्याखाली उभी राहिली. आत माऊसची टिकटिक ऐकू येत होती. आईचं शेवटचं बसणं पलीकडे चाललं होतं आणि मध्ये प्लायवूडचं दार होतं, तिनेच बसवून घेतलेलं.

काका बाहेर आले ते चष्मा पुसत. "होतं एक जण. बराच वेळ बसलं होतं शेजारी. बोलत होते दोघं. मग आईंनीच हाताने जा म्हटलं, बहुतेक."

"कोण?"

"ते विचारावं लागेल ना त्याला. किंवा तिला."

डेंटिस्ट कुलूप लावून, किल्ली पर्समध्ये टाकून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "नाही म्हणतंय गं ते माणूस. आपण उठून गेलो आणि मग असं झालं, हे त्याच्या मनाला लागलंय."

तिने मान हलवली. आणि तिथेच संशयाचं भूत मानगुटीवर बसलं. काका जन्माचे मवाळ. सभेत थकबाकीदारांची नावं वाचतानाही त्यांचा आवाज कापायचा. आई एकटीच बसली असती, तर तसं ते तिच्या तोंडावर सांगू शकले असते?

तिने डेंटिस्टला जिन्यात गाठलं. "काका म्हणाले ते खरं ना?"

"उत्तर दोघांच्या सहीने दिलंय," डेंटिस्ट म्हणाली. मग जरा नरम होऊन, "जेवतेस ना वेळेवर?"

या उत्तरालाही खरं म्हणता येईना, खोटंही म्हणता येईना. चित्रण बाजूला काढून ठेवा, असंही तिला म्हणता येईना. पोलिसांना नको, विम्याला नको, प्रश्नाचं उत्तर मिळालेलं. मग ठेवायचं कशासाठी? हा प्रश्न दुसऱ्याला तिनेच विचारला असता.

ऑफिसच्या कपाटात गेटवरच्या त्याच यादीची प्रत होती, सगळ्या घरांच्या फोनची. एकेकाला विचारलं तर संध्याकाळपर्यंत कळलं असतं. तिने कपाट उघडलं, फाईल मांडीवर घेतली, पहिला नंबर फोनवर दाबलाही. रिंग जाण्याआधीच कापला. आपली अडचण म्हणजे अडीअडचण नव्हे. घाबरून गप्प बसलेल्या माणसाचा नंबर यासाठी दिलेला नव्हता.

सोळाव्या दिवशी यंत्र तसंच घुं घुं करत होतं; आईच्या त्या दिवसावर आता नवं चित्रण चढलं होतं. ती घरी जायला लिफ्टमध्ये शिरली. आत तिघं होती. एकाने बटण दाबलं, एकीने तिच्यासाठी जागा केली, तिसरा मोबाईलमध्ये मान घालून होता. तिने एकेकाचा चेहरा पाहिला. जागा करणारीने नजर चुकवली. ओळखीची असून. की चुकवली नव्हती?

विचारायचं नाही, हे तिने दात आवळून स्वतःला बजावलं. दार बंद झालं आणि चौघं वर निघाली.